आधी कॉपी, मग मोजणी, आणि साफसफाई सगळ्यात शेवटी

प्रश्न: आईचा 64 जीबीचा फोन पूर्ण भरलाय, सारखं 'स्टोरेज फुल' येतं. सात वर्षांचे फोटो आहेत, बाबांचे शेवटचे सगळे त्यातच (ते 2021 मध्ये गेले). नवीन 128 जीबीचा फोन ऑनलाइन एक्सचेंजमध्ये घेतलाय, जुन्याचे 1,900 धरलेत, रविवारी डिलिव्हरी. गूगलचे 15 जीबी पण 14.7 भरलेत. प्लॅन असा आहे की आधी नको ते डिलीट करून जागा करायची आणि मग बॅकअप घ्यायचा. काय काय डिलीट करू? घरी विंडोजचा कंप्युटर आहे.

उत्तर:

आज एकही फोटो डिलीट करू नका. रविवारी तो फोन एका बटणात कोरा होणारच आहे, मग चार रात्री जागून सात वर्षांचे फोटो अंगठ्याने चाळण्यात काय हशील? मिरजेत आमचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, चौदा वर्षं मी त्या काउंटरवर बसते. फोटो गेले म्हणून रडत आलेली माणसं आठवून बघते, तेव्हा फोन फुटल्यामुळे गेलेले त्यात कमी निघतात. बरेचजण 'जरा जागा करत होतो' असं सांगतात. घाई, छोटा स्क्रीन आणि एकसारखे दिसणारे हजारो चौकोन, यात चुकीचा फोटो उडणारच. छाटणी करायचीच असेल तर ती नंतर कंप्युटरवर, मोठ्या पडद्यावर, आईला शेजारी बसवून करा.

तुमची खरी अडचण जागेची नाही, एक्सचेंजची आहे. ऑनलाइन एक्सचेंजमध्ये डिलिव्हरीवाला दारात नवा फोन देतो आणि त्याच वेळी जुना तपासून घेऊन जातो. जुना तोवर रीसेट झालेला हवा असतो. म्हणजे दोन्ही फोन एकाच वेळी चालू स्थितीत तुमच्या हातात कधीच येत नाहीत. दोन फोन शेजारी ठेवून केबलने सगळं उचलायचे जे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, ते दोन्ही फोन घरात आहेत असं धरून केलेले असतात. तुम्हाला शनिवारी रात्रीपर्यंत सगळं फोनबाहेर काढून, मोजून ठेवावं लागेल.

नाहीतर दुसरा मार्ग, आणि मी तुमच्या जागी असते तर तोच घेतला असता: दारात एक्सचेंज नाकारायचं आणि 1,900 भरून जुना फोन ठेवून घ्यायचा. बहुतेक ठिकाणी तशी सोय असते, ऑर्डरच्या अटीत आजच बघून घ्या. बाबांचे फोटो ज्यात आहेत तो फोन महिनाभर कपाटात पडून राहिला तर 1,900 रुपये महाग नाहीत. आपण काय विसरलो ते साधारण दुसऱ्या आठवड्यात लक्षात येतं, आणि तेव्हा जुना फोन घरात असावा लागतो. पण ते तुमच्या घरच्या हिशेबावर आहे. पुढचं सगळं दोन्ही बाबतीत लागू पडतं.

आधी फोनला श्वास घ्यायला थोडी जागा करू, कारण गच्च भरलेल्या फोनमध्ये कुठलीच गोष्ट नीट चालत नाही. व्हॉट्सअ‍ॅप बॅकअप घेताना आधी फोनमध्येच एक फाइल तयार करतं आणि मग ती वर पाठवतं. त्या फाइलला जागा मिळाली नाही की बॅकअप अडतो. तीन-चार जीबी रिकामे झाले की पुरे. ते फोटोंतून काढायचे नाहीत. जे पुन्हा फुकट मिळतं त्यातून काढायचे: न वापरलेली अ‍ॅप्स, गेम, सिनेमाच्या किंवा गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये ऑफलाइन साठवलेलं. कुठल्या अ‍ॅपने किती खाल्लंय ते सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये उतरत्या क्रमाने दिसतं. तिथे प्रत्येक अ‍ॅपसमोर Clear cache आणि Clear data अशी दोन बटणं शेजारी शेजारी असतात. पहिल्याने तात्पुरता कचरा जातो. दुसऱ्याने अ‍ॅप कोरं होतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ते दाबलं तर गप्पा गेल्या. 'फोन क्लीनर' नावाची अ‍ॅप्स टाकू नका. त्यांना कचरा आणि बाबांचा आवाज यातला फरक कळत नाही, त्या आवाजाकडे पुढे येतेच.

आता मुख्य काम, कंप्युटरवर कॉपी. कंप्युटरच्या डिस्कवर निदान 60 जीबी मोकळे आहेत ना ते बघा. फोन केबलने जोडा, फोनवर वरून खाली ओढून यूएसबीची सूचना उघडा आणि File transfer निवडा. केबल डेटाची हवी. काही स्वस्त केबलींमधून फक्त चार्जिंग होतं आणि कंप्युटरला फोन दिसतच नाही. स्क्रीन बंद होण्याची वेळ सेटिंग्जमध्ये जास्तीत जास्त करा, कारण काही फोन कुलूप पडलं की कॉपी मध्येच थांबवतात. जोडण्याआधी फोन एकदा बंद करून चालू करा. कंप्युटरला दिसणारी यादी फोनच्या आतल्या एका नोंदवहीवरून येते, ती कधीकधी शिळी असते आणि अलीकडच्या फाइल त्यात नसतात. रीस्टार्टने ती बहुधा ताजी होते.

दोन पथ्यं काटेकोर पाळा. पहिलं, नेहमी कॉपी, कट कधीच नाही. कट केलेली फाइल अर्ध्या वाटेत असताना केबल हलली तर ती दोन्हीकडून जाऊ शकते. दुसरं, अख्खं फोल्डर एका घासात ओढू नका. DCIM मधल्या Camera फोल्डरमध्ये हजारो फाइल एकाच ढिगात असतात, आणि ते अख्खं ओढलं की विंडोज बराच वेळ नुसती मोजणी करत बसतं, मग एखाद्या फाइलपाशी अडतं आणि पुढचं राहून जातं. बऱ्याच फोनमध्ये फाइलच्या नावातच तारीख असते, IMG_20210514 अशी. नावाने लावून घ्या, एका वर्षाची पहिली फाइल निवडा, शिफ्ट दाबून शेवटची निवडा आणि तेवढीच कंप्युटरवरच्या त्या वर्षाच्या फोल्डरमध्ये टाका. मग पुढचं वर्ष.

याचा फायदा मोजताना होतो. गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षिका असाच भरलेला फोन घेऊन आल्या होत्या. त्यांच्या मुलाने घरी कॉपी केली होती, 'झालं सगळं' म्हणाला होता, फक्त रीसेट करून हवा होता. रीसेटच्या आधी मी मोजते, ती माझी सवय आहे. फोनच्या Camera फोल्डरमध्ये 6,412 फाइल होत्या आणि कंप्युटरवर 6,187. सव्वादोनशे कमी. कुठल्या कमी आहेत हे ढिगातून कसं शोधणार? म्हणून वर्षावर्षाने निवडून खालच्या पट्टीतला आकडा बघत गेलो. 2019 जुळलं, 2021 जुळलं, 2020 मध्ये फोनवर 1,140 आणि कंप्युटरवर 915. त्या वर्षाच्या ढिगात मध्येच केबल हलली होती, विंडोजने चूक झाल्याचं सांगितलं होतं आणि मुलाने ती खिडकी बंद करून पुढचं वर्ष सुरू केलं होतं. तेवढं एक वर्ष पुन्हा कॉपी केलं, दहा मिनिटांत काम झालं. मोजलं नसतं तर लॉकडाउनमधले नातवाचे सव्वादोनशे फोटो गेले असते, आणि कधी गेले हेही त्यांना कळलं नसतं.

म्हणून प्रत्येक फोल्डरची फाइलसंख्या दोन्हीकडे जुळली पाहिजे. आकडे कागदावर लिहा. जुळले तरी तेवढ्यावर थांबू नका, कारण फाइल मोजणीत येते पण आत रिकामी असू शकते. कंप्युटरवर फाइल आकाराने लावा आणि शून्य केबीच्या काही आहेत का बघा. मग प्रत्येक वर्षातले चार-पाच फोटो उघडा आणि सगळ्यात मोठे दोन-तीन व्हिडिओ शेवटपर्यंत सरकवून बघा. अर्धवट आलेला व्हिडिओ बरेचदा सुरुवातीला ठीक चालतो आणि पुढे जाऊन अडकतो, किंवा उघडतच नाही.

कुठली फोल्डरं घ्यायची? DCIM, Pictures, Download, Movies, आवाजाच्या रेकॉर्डिंगचं जे असेल ते, आणि व्हॉट्सअ‍ॅप. यातलं व्हॉट्सअ‍ॅपच लोकांकडून राहतं. जुन्या फोनमध्ये ते सरळ बाहेरच WhatsApp नावाने दिसतं. अँड्रॉइड 11 पासून पुढच्या फोनमध्ये ते खोल आत गेलंय:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp
```

आईचा फोन सात वर्षांचा आहे, तेव्हा दोन्ही जागा बघा. दोन्हीकडे काही ना काही सापडू शकतं. हे फोल्डर अख्खं घ्या, निवडत बसू नका. याचं कारण सविस्तर सांगते, कारण तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचं इथेच असण्याची शक्यता आहे.

व्हॉट्सअ‍ॅपच्या Media फोल्डरमध्ये WhatsApp Images आहे आणि त्याच्या आत Sent नावाचं आणखी एक. आपण पाठवलेले फोटो तिथे साठतात आणि ते गॅलरीत दिसत नाहीत. बहुतेक Camera मधल्याच फोटोंच्या लहान आवृत्त्या असतात, म्हणून जाणकार माणसं सांगतात की Sent बिनधास्त उडवा. पण आईसारखी माणसं पुष्कळदा गप्पांमधलंच कॅमेऱ्याचं चिन्ह दाबून फोटो काढतात आणि पाठवतात. असा फोटो Camera फोल्डरमध्ये जातच नाही. त्याची फोनमधली एकुलती एक प्रत त्या Sent मध्ये असते. बाबांचे दवाखान्यातले किंवा घरी बसलेले फोटो आईने भावाला, मावशीला असेच पाठवले असतील तर ते तिथे शोधा.

आणि तिथेच WhatsApp Voice Notes नावाचं फोल्डर असतं. आत 202114 असल्या आकड्यांची छोटी फोल्डरं दिसतील. पहिले चार आकडे वर्षाचे, पुढचे दोन त्या वर्षातल्या आठवड्याचे. त्यांच्या आत PTT-20210403-WA0007.opus अशा नावाच्या फाइल असतात. हे आवाजाचे निरोप आहेत. बाबा 'येताना दूध आण' म्हणाले असतील तर ते तिथे आहे. एकेक फाइल काही केबींची, सात वर्षांचे सगळे निरोप मिळून एखाददुसरा जीबी भरेल. कोणी जागा करायला बसलं की गॅलरी चाळतं, या फोल्डरकडे बघत नाही, आणि रीसेटमध्ये ते जातं. आमच्याकडे एक बाई नवऱ्याचा आवाज शोधत आल्या होत्या. फोन तीन दिवसांपूर्वी एक्सचेंजमध्ये गेला होता. फोटो सगळे होते, आवाज एकही नव्हता. माझ्याकडे करण्यासारखं काही नव्हतं.

आता दुसरी प्रत. कंप्युटरवरची एक प्रत म्हणजे रविवारनंतरची एकुलती एक प्रत, हे लक्षात घ्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये इकडे कृष्णेचा पूर आला. त्यानंतर आठवडाभर दुकानात भिजलेल्या फोनांचा ढीग होता. ज्यांनी कंप्युटरवर कॉपी ठेवली होती, त्यातल्या कित्येकांचा कंप्युटरही त्याच घरात, तळमजल्यावर होता. दुसरी प्रत दुसऱ्या छपराखाली हवी. तुमच्यासाठी सोपं म्हणजे बाहेरची हार्ड डिस्क किंवा चांगल्या दुकानातून घेतलेला 64 जीबीचा पेनड्राइव्ह, आणि तो भावाकडे किंवा मावशीकडे ठेवणं. चारशे रुपयांत '1 टीबी' असे पेनड्राइव्ह मिळतात ते नकली असतात. आत असते थोडीशीच मेमरी, ती भरली की पुढच्या फाइल नावापुरत्या दिसतात आणि उघडत नाहीत. खरा पेनड्राइव्हही आधी exFAT पद्धतीने फॉरमॅट करा, तो कोरा असतानाच. अनेक पेनड्राइव्ह FAT32 मध्ये येतात आणि त्यात 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. लग्नाचा लांब व्हिडिओ नेमका तिथे अडकतो आणि लोक म्हणतात, 'जागा आहे तरी घेत नाही.'

गूगल फोटोज ही दुसरी प्रत होऊ शकते का? होऊ शकते, पण तुमच्या बाबतीत काही गोष्टी तपासून. फोटोंसाठी पूर्वी जी अमर्याद फुकट सोय होती ती 1 जून 2021 ला बंद झाली. त्याआधी 'हाय क्वालिटी' प्रकारात चढलेले फोटो अजून 15 जीबीत धरले जात नाहीत, नंतरचे सगळे धरले जातात. ते 15 जीबी फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह मिळून आहेत, आणि आता अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. तुमचे 14.7 कशाने भरलेत ते one.google.com/storage वर दिसेल.

0.3 जीबीत काहीच मावणार नाही. एक महिन्यापुरता 100 जीबीचा प्लॅन घ्या, 130 रुपयांच्या आसपास पडतो. महिन्याने बंद केलात आणि हद्द ओलांडलेली राहिली तर फोटो लगेच उडत नाहीत, पण नवीन चढणं थांबतं आणि जीमेलवर मेल येणंही थांबतं. दोन वर्षं तसंच राहिलं तर गूगल ते काढून टाकू शकतं. म्हणून याला मी पूल म्हणते, घर म्हणत नाही. चढवायला घरचं वायफाय हवं. रोजच्या 2 जीबीच्या मोबाइल पॅकवर 20 जीबी चढवायला दहा दिवस लागतील, तुमच्याकडे पाच आहेत. सेकंदाला 10 मेगाबिट वर जाणाऱ्या वायफायवर तेच काम साडेचार-पाच तासांचं, म्हणून रात्री चार्जरला लावून ठेवा. सेटिंगमध्ये Original quality निवडा. Storage saver मध्ये फोटो दाबले जातात आणि मोठे व्हिडिओ 1080p पर्यंत उतरवले जातात.

सुरू करण्याआधी खातं कुणाचं आहे ते बघा, ही पायरी चुकवू नका. आमच्या धंद्याची चूक सांगते. सात-आठ वर्षांपूर्वी फोन विकताना दुकानदार काउंटरवरच घाईने एक जीमेल खातं काढून देत, पासवर्ड मनाला येईल तो, आणि तो गिऱ्हाइकाला कधी कळतच नसे. कधी फोन पुतण्याच्या खात्यावर चालू असतो. फोटो त्या खात्यात चढतात आणि नव्या फोनवर उघडायला जावं तर दार बंद. म्हणून आजच, फोनला हात न लावता, कंप्युटरवर photos.google.com उघडून आईच्या खात्याने आत जाऊन दाखवा. पासवर्ड चालला आणि फोटो दिसले तरच ती प्रत तुमची. पासवर्ड माहीत नसेल तर जुना फोन आणि तोच नंबर हातात असेपर्यंत बदलून घ्या, नंतर तो मिळवणं अवघड होतं.

'Backup complete' असं दिसलं तरी फसू नका. ते फक्त चालू केलेल्या फोल्डरांपुरतं खरं असतं, आणि मुळात फक्त कॅमेऱ्याचं फोल्डर चालू असतं. व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो, स्क्रीनशॉट, डाउनलोड यांना Back up device folders मध्ये जाऊन एकेक चालू करावं लागतं. मघाचं Sent आणि आवाजाचे निरोप तर तिथे चढणारच नाहीत, म्हणून कंप्युटरची प्रत लागतेच.

आणि या सगळ्यातला सर्वांत महागडा गैरसमज: गूगल फोटोज अ‍ॅपमध्ये फोटो निवडून कचऱ्याच्या डब्यात टाकला तर तो फक्त फोनमधून जात नाही, वरूनही जातो. लोकांना वाटतं वर एक प्रत आहे आणि खाली एक, आपण खालची काढली. त्या अ‍ॅपच्या लेखी मात्र तो एकच फोटो आहे. फक्त फोनमधली प्रत काढायची असेल तर त्याच अ‍ॅपमध्ये Free up space नावाचं वेगळं बटण आहे. ते वर चढलेल्या फोटोंच्याच खालच्या प्रती काढतं. चुकून डब्यात गेलंच, तर वर चढलेले फोटो 60 दिवस डब्यात राहतात आणि न चढलेले 30 दिवस. तुम्हाला रविवारपर्यंत या दोन्ही बटणांची गरज नाही. पण आईचा फोन 'फुल' म्हणून मधल्या काळात घरातलं कोणी मदतीला धावेल, त्यांना आधीच सांगून ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पांचं वेगळं सांगते, कारण फाइल कॉपी केल्या म्हणजे गप्पा आल्या असं नाही. दोन्ही फोन हातात असतील तर सोपं: नव्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप टाकून नंबर पडताळायचा, गप्पा आणण्याचा पर्याय निवडायचा, आणि जुन्या फोनच्या सेटिंग्जमध्ये Chats खालच्या Transfer chats मधून नव्यावरचा क्यूआर कोड टिपायचा. गप्पा, फोटो, निरोप सगळं वायफायवरून सरळ जातं, गूगलची जागा लागत नाही. एक्सचेंज नाकारावं असं मी म्हणते त्याचं अर्धं कारण हे आहे. दुसरा फोन हातात नसेल तर शनिवारी रात्री Chat backup मधून बॅकअप घ्या आणि तो पूर्ण झाल्याची तारीख-वेळ वाचा. Include videos बंद ठेवलात तर आकार बराच कमी होतो, व्हिडिओ कंप्युटरवर आलेलेच आहेत. नव्या फोनवर तेच गूगल खातं आणि तोच नंबर लागेल. कोणी हौसेने बॅकअपला एन्क्रिप्शनचा पासवर्ड लावला असेल तर तो माहीत असायला हवा, त्याशिवाय बॅकअप उघडत नाही.

मग राहिल्या लपवलेल्या जागा. आईला विचारा, फोटो कुठे 'लॉक' करून ठेवलेत का. पासबुक, आधारचे फोटो अशा ठिकाणी असतात. सॅमसंगचं Secure Folder, गूगल फोटोजचं Locked Folder, इतर फोनमधले खासगी अल्बम हे नेहमीच्या कॉपीत येत नाहीत. आधी तिथून बाहेर काढा, मग कॉपी करा. फोनमध्ये मेमरी कार्ड असेल तर ते दुसऱ्या फोनमध्ये घालून वाचलं जातंय का बघा. कार्ड फोनच्या अंतर्गत मेमरीसारखं जोडलेलं किंवा एन्क्रिप्ट केलेलं असेल तर ते त्याच फोनमध्ये वाचता येतं, आणि त्या फोनच्या रीसेटबरोबर त्याची किल्लीही जाते.

रीसेटनंतर परत मिळण्याची आशा ठेवू नका. पूर्वी आम्ही काही फोनमधून उडालेलं थोडंफार काढून द्यायचो. आता मेमरीवरचं सगळं कुलपात असतं आणि रीसेट त्या कुलपाची किल्लीच नष्ट करतो. चिप काढून वाचली तरी हाती अर्थहीन आकडे येतात. 'रीसेट फोनमधून फोटो काढून देतो' म्हणून कोणी आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका.

तेव्हा तुमचा आठवडा असा जाईल. आज खात्याचा पासवर्ड आणि थोडी जागा. उद्या-परवा कंप्युटरवर कॉपी आणि मोजणी, त्याच रात्री गूगलवर चढवणं सुरू. शुक्रवारी पेनड्राइव्ह. शनिवारी त्या चार दिवसांत आलेले नवे फोटो, आणि मग व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप. रविवारी फोन द्यायचाच झाला तर आधी सेटिंग्जमधून आईचं गूगल खातं काढा आणि मगच रीसेट करा. खातं तसंच राहिलं तर रीसेटनंतर फोन त्याच खात्याचा पासवर्ड मागू शकतो, आणि मग डिलिव्हरीवाला घेत नाही. सिमचा ट्रे पिनने बाहेर ओढून बघा, मेमरी कार्ड त्यातच विसरलं जातं.

नव्या फोनमध्ये काय भरायचं ते मात्र घाईने ठरवू नका. 128 जीबी आहेत म्हणून जुने 'शुभ सकाळ'चे सगळे फोटो परत ओतले तर दोन वर्षांनी तुम्ही पुन्हा हाच प्रश्न विचाराल. व्हॉट्सअ‍ॅपमधलं Manage storage उघडा, अनेकदा फॉरवर्ड झालेल्या आणि 5 एमबीच्या वरच्या फाइल तिथे वेगळ्या दाखवतात. तो ढीग उडवायला हरकत नाही. पण तेसुद्धा नव्या फोनवर, पेनड्राइव्ह मावशीकडे पोचल्यानंतर.